मोठी ऑर्डर म्हणजे किती गाड्या?

लातूरच्या आडतीत तुरीचा सौदा चालू असताना "माल भरपूर आहे, चांगला भाव सांगा" असं कुणी म्हटलं तर समोरचा हसेल. किती पोती, ओलावा किती, डागी दाणा किती, पैसे आज की आठ दिवसांनी, हे कळल्याशिवाय तिथं भाव निघत नाही. पण तीच तूर भरडून एक किलोच्या पाकिटात घालणारी दाळमिल पुठ्ठ्याच्या बॉक्सचा भाव कमी करून मागायला बसली की तिच्या हातून अगदी तसंच पत्र लिहिलं जातं. बॉक्स हा तिचा माल नव्हे, वरखर्च. म्हणून त्याचा हिशोब कुणी मांडत नाही आणि पत्र असं होतं:

> स.न.वि.वि.
> आम्ही आपले जुने ग्राहक आहोत. सध्या बाजारात फार स्पर्धा असून आम्हाला इतर ठिकाणांहून कमी रेट येत आहेत. यापुढे आपल्याकडे मोठ्या प्रमाणात ऑर्डर देण्याचा विचार आहे. तरी 5 प्लाय बॉक्सच्या रेटमध्ये 20 टक्के डिस्काउंट द्यावा व बेस्ट रेट कळवावा. कळावे.

वाळूजच्या बॉक्स कारखान्यात हे पत्र पोचतं तेव्हा मालक पहिला प्रश्न मनात विचारतो, "मोठी म्हंजे किती? एक गाडी का दहा गाड्या?" पत्रात उत्तर नाही. "विचार आहे" म्हणजे ऑर्डर नाही, हे त्याला चांगलं ठाऊक असतं. वीस टक्के कशावरून, तेही नाही. मग तो दोनपैकी एक करतो. एक तर "मालक, कागदच महागलाय" असं सांगून रुपया सोडतो आणि विषय मिटवतो. नाही तर "बघतो की" म्हणतो, वीस टक्के देतोही आणि बॉक्समधून ते काढून घेतो. दुसरं उत्तर जास्त महागात पडतं. ते कसं, हे बॉक्सच्या हिशोबातून दिसतं. पत्र सुधारायचं तर सुरुवात शब्दांपासून करून भागत नाही, आधी बॉक्स उलगडावा लागतो.

एक बॉक्स घेऊ. आतून 400 बाय 300 बाय 250 मिलिमीटर, एक किलोची 20 पाकिटं बसणारा. हा उलगडून जमिनीवर पसरला, तर जोडाची पट्टी धरून साधारण 1440 मिलिमीटर लांब आणि 560 मिलिमीटर रुंद पुठ्ठा होतो. म्हणजे 0.8 चौरस मीटर. पाच प्लाय म्हणजे तीन सपाट कागद आणि त्यांच्यामधे दोन नागमोडी. सगळा कागद 150 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅमचा, धरला तर तीन सपाट थरांचे 450 ग्रॅम. नागमोडी थराला वळणं घ्यायला साधारण 40 टक्के कागद जास्त लागतो, म्हणून दोन थरांचे 300 नव्हे तर 420. एकूण 870. त्याला 0.8 ने गुणलं की बॉक्सचं वजन 700 ग्रॅमच्या आसपास येतं. पुठ्ठ्याच्या धंद्यात सगळं याच वजनावर चालतं. खरेदीदार नगाचा भाव बोलतो आणि कारखानदार मनात किलोचा भाव बोलत असतो. दोघांचं जमत नाही त्यात याचाही वाटा असतो.

आता दर. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, कारण कागदाचा भाव महिन्याला हलतो. आपापले आकडे घालावेत, रीत तीच राहते. क्राफ्ट कागद 36 रुपये किलो धरू आणि कापण्यातली, जोडणीतली घट 6 टक्के. म्हणजे एका बॉक्सला कागद जवळपास 27 रुपयांचा. खळ, शाई, पिनांची तार मिळून अडीच रुपये. मजुरी, वीज आणि मशीन पाच रुपये. छपाईचा ठसा चढवणं, रीळ बदलणं आणि सुरुवातीचे वाया जाणारे पुठ्ठे, असा मशीन लावण्याचा खर्च दर वेळी 1,500 रुपये. हजार नगांच्या लॉटवर तो नगामागे दीड रुपया पडतो. वाळूजहून लातूरला पिकअपचं भाडं 6,500 धरलं तर हजार नगांवर साडेसहा रुपये. उरलेले साडेचार रुपये कारखान्याचा वरखर्च आणि नफा. झाले 47 रुपये, लातूर पोच, जीएसटी वेगळा.

या सहा रकमांकडे पाहून एकच प्रश्न विचारायचा: जास्त नग घेतले तर यातलं काय कमी होतं? कागद कमी होत नाही. हजार बॉक्सला जितका लागतो त्याच्या अडीच पट अडीच हजाराला लागणारच. मध्यम कारखाना कागद टनानं आधीच घेत असतो, तुमच्या दीड हजार जास्त बॉक्समुळे त्याला गिरणीकडून काही वेगळा भाव मिळत नाही. खळ, तार, मजुरी जवळपास तशीच. कमी होतं ते मशीन लावण्याचं आणि भाड्याचं. बस्स, एवढंच.

भाड्याकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण मराठवाड्यातल्या खरेदीदाराचं खरं डिस्काउंट तिथं असतं. चपटा घडी केलेला पाच प्लायचा बॉक्स 70 बाय 56 सेंटिमीटरचा आणि साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीचा होतो. 14 फुटी गाडीत असे अडीच हजाराच्या आसपास बसतात. त्यांचं वजन पावणेदोन टनच भरतं, पण गाडी मापानं भरलेली असते, वजनानं नाही. पुठ्ठा हा हवा वाहून नेणारा माल आहे. अर्धी गाडी पाठवली तर भाडं अर्धं होत नाही. 14 फुटी गाडीचं भाडं 10,000 धरलं तर अडीच हजारांवर नगामागे चार रुपये. पिकअपमध्ये हजार नग नेताना साडेसहा पडत होते. अडीच रुपये इथंच वाचले. मशीन लावण्याचे 1,500 आता अडीच हजारांवर वाटले की दीड रुपयाचे साठ पैसे होतात, नव्वद पैसे तिथं. एकूण तीन रुपये चाळीस पैसे.

आणखी एक जागा आहे, पैसे देण्याची मुदत. आज 45 दिवसांनी पैसे देत असाल आणि 15 दिवसांवर आलात, तर कारखानदाराचे एका नगाचे चव्वेचाळीस रुपये महिनाभर आधी मोकळे होतात. वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर ते 40 पैसे, थोडे वरच. सगळं मिळून तीन ऐंशी.

इथं एक सूचना. काही जण डिस्काउंट मागताना त्याच पत्रात उधारी 60 किंवा 90 दिवसांची करून मागतात. पुरवठादार उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करारातही 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. 1 एप्रिल 2024 पासून तर प्राप्तिकरातही त्याची झळ बसते. मुदत उलटलेली रक्कम ज्या वर्षात प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. तेव्हा मुदत वाढवून मागण्यात हशील नाही, कमी करून दाखवण्यात आहे.

तर तीन ऐंशी वाचतात. मग तीन ऐंशी मागायचे का? माझ्या मते नाही. सगळं वाचलेलं तुम्हीच घेतलं तर कारखानदाराला लॉट मोठा करण्यात रस काय? तीन रुपये मागा, ऐंशी पैसे त्याच्याकडे राहू द्या. 47 चे 44. टक्क्यांत हे साडेसहालाही पोचत नाही आणि वीस टक्क्यांची सवय असलेल्याला फारच मिळमिळीत वाटेल. पण वीस टक्के म्हणजे 9 रुपये 40 पैसे. कारखान्याचा सगळा नफा आणि वरखर्च सोडला तरी साडेचारच होतात. लॉट हजाराचाच ठेवून एवढे कुठून येणार? येतात ते बरेचसे कागदातून. 150 ऐवजी पाचही थर 120 जीएसएमचे घातले की तोच बॉक्स 560 ग्रॅमचा होतो. कागदातच सव्वापाच रुपये सुटतात, छपाई तीच दिसते, हातात घेतला तर चटकन कळतही नाही. कळतं ते गोदामात. 20 किलोचे बॉक्स सात-आठ थर उभे रचले की सगळ्यात खालच्याच्या कडा आधी फुगतात, मग थप्पी कलते. म्हणून पत्रात दराबरोबर वजन आणि कागद लिहिणं हे दर लिहिण्याइतकंच गरजेचं आहे.

तुमच्या बाजूचा हिशोबही पत्राआधीच करावा, नाही तर स्वस्त बॉक्स घेऊन नुकसान व्हायचं. महिन्याला हजार बॉक्स लागत असतील तर अडीच हजार म्हणजे अडीच महिन्यांचा साठा. गोदामात सरासरी साडेसातशे बॉक्स जास्त पडून राहतात, त्यांत तेहतीस हजार रुपये अडकतात. 12 टक्क्यांनी वर्षाचे चार हजार, म्हणजे नगामागे 33 पैसे. पैसे महिनाभर आधी देण्याचे 43 पैसे. तीन रुपयांतून हे वजा करा, सव्वादोन राहतात. वर्षाच्या बारा हजार बॉक्सवर छब्बीस-सत्तावीस हजार रुपये. चांगले आहेत. पण पुठ्ठ्याला कोरडी जागा नसेल, खाली फळ्या नसतील, उंदरांचा वावर असेल, किंवा चार महिन्यांत बॉक्सवरचा ब्रँड नाहीतर पत्ता बदलायचा असेल, तर हजाराचाच लॉट बरा. अशा वेळी डिस्काउंट मागूच नये, इतर काही मागावं.

आता पत्र पुन्हा लिहू.

> स.न.वि.वि.
> विषय: 20 पाकिटांच्या दाळ बॉक्सचा लॉट वाढवून दर ठरवण्याबाबत
>
> सध्या आम्ही आपल्याकडून हा बॉक्स (5 प्लाय, आतून 400 × 300 × 250 मिमी, पाचही थर 150 जीएसएम, एकरंगी छपाई) दर महिन्याला 1,000 नग घेतो. दर 47 रुपये लातूर पोच, पैसे 45 दिवसांत.
>
> पुढच्या पीओपासून एका वेळी 2,500 नग घेण्याची आमची तयारी आहे. पूर्ण लॉट एकाच गाडीत, एकाच पत्त्यावर उतरवून घेऊ आणि माल मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे देऊ. असे दोन लॉट आम्ही आत्ता पक्के करतो: पहिला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुसरा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पूर्ण वर्षाचा आमचा अंदाज 12,000 नगांचा आहे. बांधिलकी मात्र या दोन लॉटची.
>
> भरलेली गाडी आणि एकदाच लावलेले मशीन यांमुळे नगामागे खर्च कमी होईल, हे धरून 44 रुपये लातूर पोच, जीएसटी वेगळा, असा दर अपेक्षित आहे. कागद व वजन (साधारण 700 ग्रॅम) सध्याचेच राहावे. क्राफ्ट कागदाचा भाव आजच्यापेक्षा किलोला 2 रुपयांहून जास्त वर किंवा खाली गेला तर पुढच्या लॉटचा दर किलोच्या प्रत्येक रुपयामागे 75 पैसे या हिशोबाने बदलू.
>
> या लॉटला हा दर बसत नसेल तर किती नगांना बसेल ते कळवावे. गुरुवारपर्यंत उत्तर आल्यास शनिवारी पीओ पाठवतो.
> कळावे.

"जुने ग्राहक" गेलं. ते त्याला ठाऊक आहे, आणि जुन्या ग्राहकाला आधीच जो भाव द्यायचा तो त्यानं दिलेला असतो. "इतर ठिकाणांहून कमी रेट" हेही गेलं. तसं कोटेशन खरंच हातात असेल आणि तोच कागद, तेच वजन, तीच पोच असेल तर आकडा लिहावा. नुसतं मोघम लिहिलं तर समोरचा "मग तिथूनच घ्या ना" म्हणायला मोकळा. त्याला माहीत असतं की तिथला दर बहुधा कारखान्यावरचा, भाडं सोडून असतो.

या पत्रात सगळ्यात जास्त काम करतो तो पक्क्या मालाचा आणि अंदाजाचा फरक. जुन्या तऱ्हेच्या पत्रात "वर्षाला बारा हजार नग" हा आकडा डिस्काउंटचा आधार म्हणून पुढे केला जातो आणि माल मात्र हजार हजारानंच उचलला जातो. कारखानदाराचा खर्च वर्षावर ठरत नाही, एका वेळच्या गाडीवर आणि एका वेळच्या मशीनवर ठरतो. वर्षाचा आकडा त्याला कागद बांधून ठेवायला उपयोगी, म्हणून सांगावा, पण अंदाज म्हणूनच. आणि पक्कं तेवढंच करावं जेवढं नक्की उचलाल. तुरीची नवी आवक डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते, मिल त्या काळात जोरात चालते, म्हणून नोव्हेंबर आणि जानेवारीचे लॉट बांधायला हरकत नाही. पावसाळ्याचा लॉट मात्र आत्ता कुणी बांधून घेऊ नये.

75 पैशांची ओळ पुष्कळांना खटकते. आपणच दरवाढीचं दार का उघडायचं? ते दार नसलं तरी कागद चढला की फोन येतोच, आणि तेव्हा "साडेतीन रुपये वाढवावे लागतील" असा गोल आकडा येतो. 700 ग्रॅमचा बॉक्स, 6 टक्के घट, म्हणजे बॉक्सला कागद 742 ग्रॅम. किलोला एक रुपया वाढला तर बॉक्सला पाऊण रुपयाच वाढतो. हे आधीच लिहिलेलं असलं की वाद कागदाच्या भावापुरता उरतो. शिवाय भाव उतरला तर तुम्हालाही मिळतं, आणि उतरल्याचा फोन कधी कुणी करत नाही.

शेवटची ओळ, "किती नगांना बसेल ते कळवावे", ही नकाराला वाट देते. उत्तर बहुधा 44 येत नाही, 45 येतं, किंवा "3,000 घ्या" असं येतं. 45 आलं तर कुठली ओळ जमली नाही ते विचारायचं. कधी त्याची गाडी लातूरहून रिकामी परतत असते आणि तो परतीचं भाडंही धरतो. तुमच्या ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला सोयाबीन किंवा दाळ उतरवून तिकडून रिकामा येत असेल तर गाडी तुम्ही लावा आणि कारखान्यावरचा दर मागा. 3,000 म्हटलं तर गाडीचं माप विचारा. 14 फुटीत ते बसणार नाहीत, मोठी गाडी लागेल आणि भाड्याचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. अर्ध्या किलोच्या पाकिटांचा बॉक्सही त्याच कागदाचा असेल तर अडीच हजारांत दोन्ही मापं मिसळता येतात. भाडं तेवढंच वाचतं, फक्त मशीन दोनदा लावावं लागतं.

पत्रात वजन लिहिलं की माल उतरवताना ते तपासावंही लागतं, आणि इथं पावसाळा घोटाळा करतो. कागद हवेतला ओलावा पितो, बॉक्स जड होतो आणि त्याच वेळी मऊ पडतो. म्हणजे ऑगस्टमध्ये काट्यावर 700 भरलेला बॉक्स हलक्या कागदाचाही असू शकतो. अशा वेळी गठ्ठ्याच्या मधला एक बॉक्स काढून कोरड्या उन्हात दिवसभर ठेवावा. मग त्याच्या मधल्या भागातून बरोबर 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा ब्लेडनं कापून सराफाच्या काट्यावर ठेवावा. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरानं गुणलं की पाचही थरांचा मिळून जीएसएम येतो. ठरलेला कागद असेल तर तुकडा पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतो, खळ जास्त असेल तर नऊपर्यंत. सात ग्रॅम भरला तर गाडी रिकामी करायच्या आधी ड्रायव्हरच्या चलनावर तसं लिहून त्याची सही घ्यावी आणि मग वाळूजला फोन लावावा.